जीभ अडखळते तेच भाषांतरात आणा

‘शीश सीख जीगर, सीखी शीश हेज़ार’ या फारसी जीभवळणीचा अर्थ एवढाच: कलेजीच्या सहा सळया, सळईला सहा हजार. इंग्रजीत ‘सिक्स स्क्यूअर्स ऑफ लिव्हर, सिक्स थाउजंड ईच’ केलं की अर्थ पोचतो, जीभ मात्र सरळ धावते.

आधी अडखळ कुठे आहे ते शोधा. इथे ‘श’ आणि ‘स’ची धडक आहे, ती राखायची. मग ‘हजार’ सोडून द्या, कलेजी मेंढीची करा: ‘सिक्स शॉर्ट शीप-लिव्हर स्टिक्स, सिक्स्टी-सिक्स अ शॉर्ट स्टिक’. किंमत बदलली, पण कबाबवाला तोच राहिला.

मूळ न सांगता इंग्रजी बोलणाऱ्याला तीनदा भरभर म्हणायला लावा. ‘शिक्स’ किंवा ‘सॉर्ट’ निसटलं नाही, तर पुन्हा लिहा.