रोहित्राच्या दोन चाचण्या: चारने गुणायचे की भागायचे?

ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट या दोन्ही चाचण्या मिळून अर्ध्या तासाचे काम. जोडणी बहुतेकांना जमते. गडबड होते ती आकडे एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेताना. बेळगावच्या डिप्लोमाच्या जर्नलांत दरवर्षी तीच चूक दिसते आणि उद्यमबागेतल्या रिवाइंडिंगच्या टेबलावरही तीच.

उदाहरणाला एक सिंगल फेज रोहित्र घेऊ. ५ केव्हीए, ४००/२०० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पूर्ण भाराला ४०० च्या बाजूने १२.५ अँपियर आणि २०० च्या बाजूने २५ अँपियर. काढायचे काय, तर ४ केव्हीए, ०.८ लॅगिंग भारावर कार्यक्षमता किती आणि २०० च्या बाजूला प्रत्यक्ष व्होल्टेज किती उरते.

ओपन सर्किट

मीटर २०० च्या बाजूला, ४०० ची बाजू मोकळी. मोकळी म्हणजे मेलेली नव्हे. त्या दोन टर्मिनलांवर पूर्ण ४०० व्होल्ट असतात, झाकून ठेवा.

डिमरस्टॅटने बरोबर २०० व्होल्ट लावा. ऊसपट्ट्यात पंप चालू झाले की लाइन खाली येते. मग ‘आले तेवढे व्होल्टेज’ म्हणून १९० वर रीडिंग घेतले, तर लोखंडाचे नुकसान सुमारे दहा टक्के कमी दिसते, कारण ते साधारण व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. मॅग्नेटायझिंग करंट तर त्याहून जास्त घसरतो.

वॅटमीटर लो पॉवर फॅक्टरचाच हवा. त्याचा गुणक काढताना डायलवरचा ०.२ विसरू नका. ३०० व्होल्ट, २.५ अँपियर, १५० भागांचा मीटर असेल तर एक भाग म्हणजे १ वॅट. ०.२ विसरलात तर एक भाग ५ वॅटचा होतो आणि ६० भागांचे ३०० वॅट होतात. व्होल्ट गुणिले अँपियर २०० येत असताना ३०० वॅट कुठून येणार? वहीत उतरवण्याआधी एवढे तपासले तरी पुरे. प्रेशर कॉइल पुरवठ्याच्या बाजूला जोडा. रोहित्राच्या बाजूला जोडलीत तर तिचे स्वतःचे वॅट रीडिंगमध्ये येतात. तिचा रोध १० किलोओहम असेल तर २०० व्होल्टला ते ४ वॅट होतात, आणि ६० मध्ये ४ ही थोडकी चूक नव्हे.

रीडिंग: २०० व्होल्ट, १.० अँपियर, ६० वॅट.

```
cos φ0 = 60 / (200 × 1) = 0.3
R0 = 200 / 0.3   = 667 Ω
X0 = 200 / 0.954 = 210 Ω
```

हे दोन्ही आकडे २०० च्या बाजूचे. शेजारी तसे लिहून ठेवा, पुढचा सगळा खेळ त्यावर आहे.

शॉर्ट सर्किट

आता मीटर ४०० च्या बाजूला आणि २०० ची बाजू शॉर्ट. डिमरस्टॅट शून्यावर आहे हे हाताने फिरवून पाहा, मगच स्विच टाका. या रोहित्राला पूर्ण करंट यायला फक्त २० व्होल्ट लागतात. पूर्ण ४०० व्होल्ट दिले तर सुमारे २५० अँपियर ओढेल.

शॉर्ट करायची तार जाड, आखूड आणि नटाखाली घट्ट. हा सल्ला पुस्तकात एका ओळीत उरकतात, पण आकडे बिघडतात ते इथे. २०० च्या बाजूने या रोहित्राचा एकूण रोध अवघा ०.२ ओहम. ढिल्या लगचे ०.०५ ओहम आले की रोध आणि कॉपर लॉस दोन्ही पाव पटीने फुगतात. त्या फेऱ्यात अँमीटर घालणे हीसुद्धा तशीच चूक, करंट ४०० च्या बाजूलाच मोजा. संशय आला तर दोन्ही वाइंडिंगचे डीसी रोध मोजा, २०० च्या वाइंडिंगचा चारने गुणा आणि दोन्हींची बेरीज करा. शॉर्ट सर्किटमधून आलेला रोध या बेरजेपेक्षा किंचित जास्त असतो. फार जास्त निघाला तर दोष रोहित्राचा नाही, तारेचा.

रीडिंग: २० व्होल्ट, १२.५ अँपियर, १२५ वॅट.

```
Z = 20 / 12.5        = 1.6 Ω
R = 125 / 12.5²      = 0.8 Ω
X = √(1.6² − 0.8²)   = 1.386 Ω
```

हे ४०० च्या बाजूचे.

एका बाजूला आणणे

“सर, चारने गुणायचे की भागायचे?” हा प्रश्न इथे हमखास येतो. वळणांचे गुणोत्तर २, त्याचा वर्ग ४. जास्त व्होल्टच्या बाजूला ओहम जास्त, एवढेच डोक्यात ठेवा. ४०० च्या बाजूला जाताना गुणा, २०० च्या बाजूला येताना भागा.

समतुल्य मंडल ४०० च्या बाजूला काढू. मालिकेतले ०.८ आणि १.३८६ तसेच राहतात. समांतर फांदीतले ६६७ चे २६६७ ओहम होतात आणि २१० चे सुमारे ८३९.

बहुतेक जण ६६७ ओहम न बदलता ४०० च्या मंडलात चिकटवतात. आकृती दिसायला ठीक असते. पण त्या फांदीला ४०० व्होल्ट लावून पाहा: ४०० चा वर्ग भागिले ६६७, म्हणजे २४० वॅट. मोजले होते ६०. काढलेले मंडल चाचणीचेच रीडिंग परत देत नसेल तर ते चुकले आहे, पुढे जाऊ नका. ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते, कारण कार्यक्षमतेत ६० आणि १२५ वॅट थेट वापरले जातात आणि ते उत्तर बरोबरच येते.

कार्यक्षमता

४ केव्हीए म्हणजे ०.८ भार. कॉपर लॉस वर्गाने घटतो: ०.६४ गुणिले १२५, म्हणजे ८० वॅट. लोखंडाचे ६० तसेच. भाराला मिळतात ३२०० वॅट, लागतात ३३४०. कार्यक्षमता ९५.८ टक्के.

रेग्युलेशन

भार २०० च्या बाजूला आहे, करंट २० अँपियर. म्हणून ओहमही त्याच बाजूचे: ०.२ आणि ०.३४६.

```
drop = 20 × (0.2 × 0.8 + 0.346 × 0.6) = 7.36 V
```

म्हणजे ३.७ टक्के. बिनभाराला २०० असलेले व्होल्टेज भाराला १९२.६ होते. इथे २० अँपियरबरोबर ०.८ आणि १.३८६ वापरले तर घट २९.४ व्होल्ट, म्हणजे १४.७ टक्के येते, आणि बरेच जण ती न बिचकता लिहितात. पण शॉर्ट सर्किटला लागलेले २० व्होल्ट हे ४०० चे ५ टक्के. या सूत्राने ०.८ भारावर रेग्युलेशन ४ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, पॉवर फॅक्टर कोणताही असो. उत्तर या मर्यादेबाहेर गेले की बाजू चुकली असे समजा.

लॅगिंगला दोन्ही पदांमध्ये अधिक, लीडिंगला उणे. याच भारावर ०.८ लीडिंग असेल तर व्होल्टेज घटण्याऐवजी सुमारे १ व्होल्टने वाढते. म्हणून उत्तर उणे आले तर खोडू नका.

तापमान

वरचे आकडे थंड तांब्याचे. चाचणी ३२ अंशांना झाली आणि उत्तर ७५ अंशांचे हवे असेल, तर रोध ३१० भागिले २६७, म्हणजे १.१६ पट करा. X ला हात लावू नका. कॉपर लॉस ८० वरून सुमारे ९३ वॅट होतो, कार्यक्षमता ९५.४ टक्क्यांवर येते आणि रेग्युलेशन ३.९ टक्क्यांवर. गिऱ्हाइकाला द्यायच्या कागदावर हेच आकडे लिहा, शेजारी तापमानासकट.