तबल्याचे पहिले वर्ष: 33,220 रुपयांचा हिशेब

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी पुण्यात तबल्याच्या वर्गात नाव घातले, तेव्हा वर्षभराच्या खर्चाचा माझा अंदाज दोन ओळींत संपला होता. तबला-डग्ग्याची जोडी 9,500 रुपये आणि महिना 1,200 प्रमाणे बारा महिन्यांची फी 14,400 रुपये, म्हणजे एकूण 23,900. वर्षअखेरीस वहीत जमलेली बेरीज 33,220 निघाली. मधले नऊ हजार कोठे गेले आणि त्यांतील किती टाळता आले असते, ते नवीन शिकणाऱ्यांना कळावे म्हणून हा हिशेब मांडतो आहे. यातील आकडे माझ्या वहीतले आहेत. गाव, वर्ग आणि दुकान बदलले की ते बदलतील, पण खर्चाची खाती बहुधा हीच राहतील.

फीचा खुलासा आधी करतो, कारण तो सोपा आहे. मे महिन्यात वर्ग बंद असल्यामुळे फी अकराच महिन्यांची पडली, पण प्रवेशाचे 500 रुपये निराळे होते. त्यामुळे या खात्यावर 13,700 लागले. आठवड्यातून दोनदा दुचाकीने जाण्यायेण्याचे पेट्रोल वर्षाला 2,750 रुपयांचे झाले. वर्गात वाजवायला तबले ठेवलेले असल्याने स्वतःची जोडी उचलून नेण्याचा प्रश्न नव्हता. तो असता तर रिक्षाचा खर्च याच्या कितीतरी पट झाला असता. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा मी पहिल्या वर्षी दिली नाही. ज्यांना द्यायची असेल त्यांनी तिची फी आणि पुस्तकांचा खर्च या बेरजेत मिळवावा.

खरी चूक झाली ती वाद्याच्या खरेदीत. वर्ग सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात, सरांना न विचारताच, मी शिसवी तबला 4,200 रुपयांना आणि पितळी डग्गा 5,300 रुपयांना घेतला. तबला दिसायला भरदार होता आणि त्याचा आवाज दुकानात मला गंभीर व गोड वाटला. त्याचे तोंड सहा इंचांचे होते. या मापाला काही अर्थ असतो हे मला ठाऊकच नव्हते. तोंड जितके मोठे तितका तबला खालच्या सुरात बोलतो. आमच्या वर्गातला लेहरा, म्हणजे साथीला सतत फिरणारी धून, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, काळी एकमध्ये वाजतो आणि त्या सुराला साधारण सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा तबला लागतो. माझा तबला सैलसर ताणावर छान बोलत होता, पण घरी मोबाईलवरच्या लेहऱ्याशी तो जुळेना, म्हणून मी हातोडी घेऊन त्याचा सूर चढवू लागलो.

सूर चढवायचा तर कातड्याच्या कडेभोवती विणलेल्या गजऱ्यावर वरून खाली हलके ठोके द्यायचे आणि उतरवायचा तर खालून वर, एवढे मला सांगितले गेले होते. ठोका कातडे ताणून धरणाऱ्या वादीच्या पट्ट्यांमधल्या समोरासमोरच्या घरांवर आळीपाळीने पडला पाहिजे, म्हणजे ताण सगळीकडे सारखा बसतो. मी मात्र जे घर हाताशी येईल तेच ठोकत होतो. शिवाय सूर आणखी चढावा म्हणून वादीखालचे लाकडी गठ्ठेही खाली सरकवले होते. जुलैच्या अखेरीस एका संध्याकाळी कागद फाटावा तसा आवाज झाला आणि गजऱ्यालगत दोन बोटांएवढी चीर पडली. फाटलेली पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, शिवून चालत नाही, ती बदलावीच लागते. नवी पुडी चढवून, वादी ओढून सूर लावण्याचे दुरुस्तीवाल्या काकांनी 900 रुपये घेतले. त्यांनी पट्टीने तोंड मोजले आणि म्हणाले, “हा काळी एकला न्याल तर दर दोन महिन्यांनी माझ्याकडे याल.” ऑगस्टमध्ये मी तो तबला दुकानात परत केला. पुडी नवी असल्यामुळे 1,800 रुपये आले, साडेपाच इंची तबला 4,600 ला पडला, म्हणजे पदरचे 2,800 गेले.

तेव्हा खरेदीपूर्वी वर्गात दोनच गोष्टी विचाराव्यात: आपण कोणत्या सुरात वाजवणार आणि त्यासाठी तोंड किती इंचांचे हवे. दुकानात मोबाईलवर ट्यूनर किंवा तानपुऱ्याचे ॲप लावून तबला त्या सुराला लावून मागावा. मग पुडीच्या कडेच्या चाटेवर गोलाकार फिरत प्रत्येक बाजूला ‘ना’ हा बोल वाजवून पाहावा. एका बाजूला सूर उतरलेला लागला तर तेथे ताण कमी आहे, आणि दुकानदाराला तो सारखा करता आला नाही तर ती पुडीच बरोबर बसलेली नाही असे समजावे.

दुसरा फटका डग्ग्याला बसला. सप्टेंबरात गणपतीसाठी आम्ही आठ दिवस कोकणात गेलो आणि जोडी खिडकीखाली भिंतीला टेकवून, कापडी कव्हरात, थेट फरशीवर ठेवली होती. परत आल्यावर डग्ग्याचे कातडे सैल पडले होते, ते तर पावसाळ्यात चालायचेच. पण वाजवू लागताच ‘घे’बरोबर बारीक खरखर ऐकू आली आणि पांढऱ्या पावडरीवर मोहरीहून लहान काळे कण दिसले. पुडीवरची काळी गोल शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि खळ यांचे एकावर एक घासून बसवलेले थर. ओल लागली की खळ सुटते आणि थर भेगांपासून निघू लागतात. मी त्यावर पावडर जास्त टाकून पाहिली, ती भेगांत शिरली आणि खरखर वाढली. शेवटी पुडी बदलली, 1,300 रुपये. त्यानंतर जोडी लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर असते. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर हाताचा घाम कोरड्या फडक्याने टिपून पाच मिनिटांनीच कव्हर घालतो.

बाकीच्या वस्तूंचे फारसे सांगण्यासारखे नाही. चुंबळींची जोडी 300, कव्हरे 750, हातोडी 300, पावडर 120, लेहऱ्याच्या ॲपची वर्गणी 500. हातोडी मात्र स्वस्त घेऊ नये; माझ्या पहिल्या हातोडीचे डोके दांड्यात हलत असे आणि ठोका कोठे पडेल याचा भरवसा नसे. सुदैवाने ती दुकानदाराने बदलून दिली. सूर लावणे स्वतःला जमेपर्यंत दोनदा काकांकडून लावून घेतले, त्याचे 300.

आता बेरीज. वाद्य 9,500 आणि अदलाबदलीचे 2,800, फी 13,700, चुंबळी-कव्हरे-हातोडी 1,350, पावडर आणि ॲप 620, दोन पुड्या व सूर लावणे 2,500, पेट्रोल 2,750. यांतील पहिली पुडी, अदलाबदल आणि डग्ग्याची पुडी हे 5,000 रुपये माझ्या अज्ञानाचे आहेत. ते वगळले तर 28,220 उरतात, म्हणजे तरीही मूळ अंदाजापेक्षा चार हजारांहून अधिक, आणि त्यात पेट्रोलचा वाटा सर्वांत मोठा. मात्र दुरुस्तीचे खाते शून्य धरू नये. नवशिक्याचा हात जड पडतो, घामही जास्त लागतो, त्यामुळे नीट जपलेली पुडीदेखील कधीतरी उतरतेच. दोन्ही पुड्यांचे मिळून दोन हजार बाजूला ठेवलेले बरे. दुसऱ्या वर्षासाठी वाद्याची ओळ कोरी सोडून मी ते दोन हजार आधीच वहीत लिहिले आहेत. जूनमध्ये तबल्याच्या शाईवर केसाएवढी पहिली भेग दिसली आहे.