गणपती, दिवाळी आणि बोर्डाच्या परीक्षा: सुट्ट्यांचे अर्ज यायच्या आधीची तयारी

मी डोंबिवलीत एका पॅथॉलॉजी लॅबची ड्युटी लिस्ट लावते, तेरा जण आहोत, त्यातले निम्म्याहून जास्त कोकणातले, त्यामुळे गणपतीत काय होतं ते सांगायला नको. पूर्वी आमच्याकडे जो आधी मेसेज टाकेल त्याला सुट्टी असं होतं, आणि ते सगळ्यांना सरळ वाटायचं. पण नीट बघितलं तर दर वर्षी तेच दोघं आधी मेसेज टाकायचे, कारण ते रिसेप्शनला बसतात आणि फोन हातात असतो. सकाळी सातपासून होम कलेक्शनला घरोघरी फिरणाऱ्या पोराला अकरापर्यंत मोबाइल बघायलाच मिळत नाही. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा दिसत होता आणि फायदा मात्र ठरावीक लोकांचाच होत होता. म्हणून आता अर्ज यायच्या आधीच काय काय ठरवून ठेवायचं ते लिहितेय.

सगळ्यात आधी तारखा. वर्ष सुरू व्हायच्या आधीच ठरलेल्या सुट्ट्यांचा कागद लावायचा, आपल्या दुकाने-आस्थापना कायद्यात (२०१७ चा, २०२५ च्या दुरुस्तीपर्यंत दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे लागू होता, आता वीस किंवा जास्त) २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि वर आणखी चार सणाच्या सुट्ट्या आहेत, त्या चार कुठल्या हे मालक आणि स्टाफने मिळून आधी ठरवायचं असतं. हे चार ठरवताना सगळे एकाच धर्माचे सण टाकू नका, तिथूनच कुरबुर सुरू होते. मग रेल्वे. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. २०२६ ला गणपती १४ सप्टेंबरला आहेत, लोक १२ ला निघणार, म्हणजे तिकिटं १४ जुलैला उघडणार आणि काही मिनिटांत संपणार. तुम्ही सुट्टीचा निर्णय ऑगस्टमध्ये दिलात तर ज्याने धाडस करून आधीच तिकीट काढलंय त्याला ‘आता तिकीट काढलंय तर जा’ म्हणावं लागतं, आणि जो प्रामाणिकपणे थांबला तो बसतो. म्हणून आमच्याकडे अर्ज ३० जूनपर्यंत, आणि निकाल ८ जुलैच्या आत. या मुदतीत पहिल्या दिवशी आलेला आणि शेवटच्या दिवशी आलेला अर्ज सारखाच.

मग आकडा काढायचा, आणि तो नुसता माणसांचा नाही, कामाचा. ‘तेरातले चार गेले तरी चालेल’ हे खोटं आहे, कारण गेलेले चारही टेक्निशियनच निघाले तर लॅब बंद. मागच्या वर्षीचं सॅम्पल रजिस्टर काढा आणि तारखेवरून नाही तर तिथीवरून बघा, चतुर्थीच्या दिवशी किती सॅम्पल आले, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किती. आमच्याकडे सणाच्या दिवशी होम कलेक्शन एकदम खाली येतं आणि नंतर दोन दिवस चढतं. त्यावरून ठरतं की टेक्निशियन पाचपैकी तीन हवेतच, आणि त्या तिघांत सकाळी मशीन बरोबर चालतंय का ते बघायचे कंट्रोल लावून रिपोर्ट सोडता येणारा निदान एक हवाच. आमच्याकडे असे दोघंच आहेत, म्हणजे ते दोघं एकाच वेळी जाऊ शकत नाहीत. हे अर्ज यायच्या आधी भिंतीवर लावलं की नंतर कोणी ‘माझ्यासाठीच हा नियम काढला’ म्हणत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे वही. मागच्या दोन वर्षांत कोणाला कुठल्या सणाला नाही म्हटलं, एवढंच त्यात. गेल्या वेळी जो थांबला तो या वेळी पुढे, बरोबरी झाली तर सगळ्यांसमोर चिठ्ठी. कारणांची तुलना करायची नाही, कोणाच्या घरी मानाचा गणपती आणि कोणाला फक्त आईला भेटायचंय हे मी तोलायला बसले की संपलं, कारण जो छान बोलतो त्याचं कारण मोठं वाटतं. माझी स्वतःची रजाही त्याच वहीत, सगळ्यांच्या खाली नाही आणि वरही नाही.

हे प्रत्यक्षात कसं बसतं ते सांगते. चार टेक्निशियनांनी एकाच आठवड्याचा अर्ज दिला, दापोलीची, मालवणचा, चिपळूणची आणि सांगलीचा. मशीनचे जाणकार मालवणचा आणि सांगलीचा. वहीत बघितलं तर दापोलीची मागच्या गणपतीला थांबली होती आणि मालवणचा मागच्या दिवाळीला. ते दोघं पहिले, सांगलीचा थांबला म्हणून मशीनही सांभाळलं गेलं. चिपळूणचीला मी सरळ विचारलं की तुझ्याकडे नक्की काय असतं, तर त्यांच्याकडे गौरी मोठ्या. मग दापोलीची दीड दिवसाचा गणपती करून परत येते आणि चिपळूणची गौरी येतात त्याच्या आदल्या रात्री निघते, असं जमलं. सांगलीच्याचं नाव दिवाळीसाठी वहीत वर गेलं, आणि ते मी त्याला समोर बसवून सांगितलं, ग्रुपवर नाही. पाचवी टेक्निशियन मुस्लिम आहे, तिने अर्जच दिला नव्हता आणि सगळे धरूनच चालले होते की ती आहेच. हे धरून चालणं थांबवा. गणपती-दिवाळीत ती काम सांभाळत असेल, तर मग ईदला ती पहिली, आणि ईद चंद्रावर असल्यामुळे तिच्यासाठी लागून दोन दिवस मोकळे ठेवायचे, आदल्या रात्री कळलं तरी धावपळ नको.

आता परीक्षा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीचे पालक पंधरा-वीस दिवस मागतात, आणि ज्यांना मुलं नाहीत ते गप्प राहून त्यांचं काम ओढतात, पुढे तेच सोडून जातात. इथे मी आधी वेळापत्रक मागते, हॉल तिकीट नाही, बोर्डाचं छापील वेळापत्रक. सकाळच्या सत्राचा पेपर अकराला, मुलाने साडेदहाला केंद्रावर असायचं, म्हणजे पालकाला खरी अडचण सकाळची आहे, आणि नेमकी तीच आमची उपाशीपोटी सॅम्पलची वेळ, सात ते दहा. त्यामुळे बऱ्याचदा पूर्ण रजा लागतच नाही, पेपरच्या दिवशी दुपारची शिफ्ट दिली की पुरतं. त्या बदल्यात सकाळ जो घेतो त्याला महिन्यात तेवढ्याच सकाळी मोकळ्या, हेही वहीत. स्वतः डीएमएलटी या लॅबच्या डिप्लोमाची किंवा मुक्त विद्यापीठाची परीक्षा देणारा असेल तर त्याला पेपर आणि त्याचा आदला दिवस, बिनशर्त, कारण तो दिवस परत येत नाही.

आपसात अदलाबदल करू द्या, पण एकाच कामाचे दोघं आणि दोघांचा लेखी मेसेज असेल तरच, नाहीतर ज्युनियरला सीनियरच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही. सणाच्या दिवशी अचानक ‘ताप आलाय’ आलं तर सर्टिफिकेट मागायचं की नाही हे आधी ठरवा आणि सगळ्यांकडून सारखंच मागा, नेहमी संशय असतो त्याच्याकडूनच नको. आणि काही जमलंच नाही, मशीनवाले दोघंही एकदम अडले, तर बाहेरून दोन दिवसांचा बदली टेक्निशियन सांगून ठेवायला जूनमध्येच फोन करा, सप्टेंबरमध्ये तोही गावी गेलेला असतो.