डिस्लेक्सिया आणि जादा वेळ: परीक्षा केंद्राला ईमेल लिहिताना या चुका टाळा

दहावीच्या परीक्षेला दहा दिवस उरले असताना एका आईने केंद्राला पाठवलेला ईमेल मला दाखवला. विषय होता, ‘नम्र विनंती’. खाली: ‘माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. तो हुशार आहे, पण वाचायला वेळ लागतो. कृपया सहानुभूतीने विचार करून थोडा जास्त वेळ द्यावा.’ सोबत मानसशास्त्रीय चाचणीचा अकरा पानी अहवाल. केंद्रावरून उत्तर आले, ‘मंडळाच्या परवानगीशिवाय वेळ देता येत नाही.’

आई हवालदिल झाली, पण केंद्रसंचालकांचे काही चुकले नव्हते. गंमत अशी, की मंडळाची परवानगी घरात होती! शाळेने महिन्यांपूर्वी प्रस्ताव पाठवून विभागीय मंडळाकडून मंजुरीपत्र आणले होते. ईमेलमध्ये त्याचा उल्लेखच नव्हता.

हीच सगळ्यात मोठी चूक. केंद्राला वेळ मंजूर करण्याचा अधिकार नसतो. मंजुरी विभागीय मंडळ देते आणि प्रस्ताव शाळेमार्फत, अधिकृत रुग्णालयाच्या प्रमाणपत्रासह जातो. केंद्राचे काम अंमलबजावणीचे. म्हणून केंद्राला लिहिताना ‘वेळ द्या’ असे म्हणायचे नसते. ‘वेळ मंजूर आहे, व्यवस्था काय केली ते कळवा’ असे विचारायचे. मंजुरीच नसेल तर केंद्राला ईमेल करून उपयोग नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना गाठा.

दुसरी चूक ‘थोडा जास्त वेळ’ ही. ‘थोडा’ म्हणजे किती, हे परीक्षेच्या दिवशी दारातल्या पर्यवेक्षकाने ठरवायचे का? सवलत तासाला 20 मिनिटे अशी असते. म्हणजे भाषेच्या तीन तासांच्या पेपरला 60 मिनिटे, पण गणित किंवा विज्ञानाच्या दोन तासांच्या पेपरला 40. सरसकट ‘एक तास’ लिहिलेत तर गणिताच्या दिवशी वाद होणार. वेळेच्या शेवटी सर्वांनाच मिळणारी 10 मिनिटे यात धरू नका, ती वेगळी.

अकरा पानी अहवालाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तो पाठवूच नका. त्यात बुद्ध्यांक असतो, घरची माहिती असते. केंद्रावर तो कोणाकोणाच्या फोनवर फिरेल, सांगता येत नाही. मंजुरीपत्र, प्रमाणपत्राचे पान आणि हॉल तिकीट, एवढे पुरे. फोटोंऐवजी तिन्हींची एकच पीडीएफ करा. बैठक क्रमांक धूसर दिसला की ईमेल बाजूला पडतो.

लेखनिक किंवा वाचक याच ईमेलमध्ये मागू नका. मंजुरीपत्रात फक्त वेळ असेल तर बाकीच्या मागण्यांमुळे त्या वेळेबद्दलही शंका निघते.

आम्ही तो ईमेल शाळेच्या पत्त्यावरून, मुख्याध्यापकांच्या नावाने पुन्हा पाठवला:

‘विषय: दहावी परीक्षा, बैठक क्रमांक …, मंजूर जादा वेळेची व्यवस्था

मा. केंद्रसंचालक,
वरील विद्यार्थ्यास अध्ययन अक्षमतेमुळे (डिस्लेक्सिया) विभागीय मंडळाने तासाला 20 मिनिटे जादा वेळ मंजूर केला आहे. पत्र क्रमांक … सोबत जोडले आहे. तीन तासांच्या पेपरला 60 व दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटे होतात. कृपया कळवावे: 1) त्याची बैठक कोणत्या खोलीत आहे, 2) प्रत्येक पेपरला उत्तरपत्रिका किती वाजता घेतली जाईल, 3) जादा वेळेत पर्यवेक्षक कोण असतील.’

तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण गाडी बहुधा तिथेच अडते. शेवटची घंटा झाली की पर्यवेक्षक उत्तरपत्रिका गोळा करून मोजणीला नेतात. मुलाचा वर्ग रिकामा होतो, बाहेर गोंगाट सुरू होतो आणि ‘तुझे अजून का चालू आहे?’ असे विचारणारे कोणीतरी येतेच. वेगळी खोली आणि आधी नेमलेला माणूस असेल तर हा प्रसंग येत नाही.

दोन दिवसांत उत्तर आले नाही तर फोन करा, मग ईमेल आणि मंजुरीपत्राच्या छापील प्रती घेऊन केंद्रावर जा. एका प्रतीवर पोच घ्या. ती प्रत रोज मुलासोबत असू द्या.

पेपर झाल्यावर भांडू, असे म्हणू नका. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट 2021 परीक्षेत डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर हक्काचा जादा तास मिळाला नाही. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिच्यावर अन्याय झाला हे न्यायालयाने 23 नोव्हेंबर 2021 च्या निकालात मान्य केले, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही.

त्या आईच्या मुलाच्या बाबतीत तिसऱ्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले: खोलीचा क्रमांक आणि पर्यवेक्षकांचे नाव. वेळेचा उल्लेख राहिला होता, तेवढ्यासाठी आम्ही पुन्हा ईमेल केला.