शीर्षकातले इमोजी: सातबाराच्या एका व्हिडिओवरून

यूट्यूबवरील मराठी माहितीपर वाहिन्यांसाठी शीर्षके आणि वर्णने लिहिण्याचे काम मी करतो. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी एकच उदाहरण सविस्तर घेतो. डिजिटल सहीचा सातबारा मोबाईलवर कसा काढावा, या विषयाच्या व्हिडिओचे शीर्षक माझ्याकडे असे आले होते: «🚨😱 7/12 📄 आता मोबाईलवर 👇👇 लगेच पाहा 🔥».

शीर्षकाची मर्यादा १०० अक्षरांची असली, तरी मोबाईलच्या यादीत त्यातला सुरुवातीचाच भाग दिसतो, आणि मराठीत काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जात असल्याने जागा भरभर संपते. अशी मोक्याची जागा येथे भोंग्याला आणि किंकाळीला दिली होती. त्याहून मोठी अडचण 📄 या चिन्हाची होती, कारण ते ‘उतारा’ या शब्दाच्या जागी बसले होते. शोधणारा माणूस ‘सातबारा उतारा’ किंवा ‘satbara utara’ असे टाइप करतो. कागदाचे चित्र कोणी टाइप करत नाही. शब्दाच्या सोबत आलेले चिन्ह सहसा शोधाच्या आड येत नाही, पण शब्दाला हटवून आलेले चिन्ह तो शब्दच शोधातून घालवते.

वाचनीयता तपासायची असेल, तर अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी टॉकबॅक ही सोय सुरू करून शीर्षक ऐकावे. दृष्टिहीन प्रेक्षकाला प्रत्येक चिन्हाचे नाव ऐकावे लागते, आणि खाली दाखवणारे बोट दोनदा असेल तर तेही दोनदा ऐकावे लागते. मूळ विषय तोवर ताटकळत राहतो.

विश्वासाचा प्रश्न या विषयात अधिक नाजूक आहे. डिजिटल सहीच्या उताऱ्यासाठी प्रेक्षकाला सरकारी संकेतस्थळावर १५ रुपये भरायचे असतात, आणि पैसे भरण्याच्या कामावर लाल भोंगा दिसला की फसवणुकीचे मेसेज आठवणारच. (पाककृतीच्या व्हिडिओत एखादी मिरची खपून जाते, हे मान्य.) यूट्यूबच्या नियमांत इमोजीला बंदी नाही, मनाई आहे ती दिशाभूल करणाऱ्या शीर्षकाला. मात्र साध्या माहितीवर 😱 लावणे त्या सीमेकडे सरकणेच होय, असे माझे मत आहे.

अखेर शीर्षक असे ठरले: «सातबारा उतारा (7/12) मोबाईलवर कसा काढावा | डिजिटल सहीसह». वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत, म्हणजे ‘आणखी’ दाबण्यापूर्वी दिसणाऱ्या भागात, एकही चिन्ह ठेवले नाही. खाली शुल्क, लागणारी माहिती आणि अडचणी असे तीन भाग होते. त्यांपैकी फक्त अडचणींच्या ओळीआधी ⚠️ ठेवले, कारण पैसे कापले जाऊनही उतारा न मिळालेला माणूस नेमकी तीच ओळ शोधत येतो.

असा बदल जुन्या व्हिडिओवर करताना त्याच वेळी थंबनेल बदलू नये, अन्यथा फरक कशाने पडला ते कळत नाही. यूट्यूब स्टुडिओत क्लिकचे प्रमाण सरासरी पाहण्याच्या वेळेसोबतच वाचावे. क्लिक वाढले आणि पाहण्याची वेळ घटली, तर शीर्षकाने जे कबूल केले ते व्हिडिओत सापडले नाही, अशी शंका घेऊन शीर्षक पुन्हा तपासावे.