लेटमार्क, ग्रेस आणि हाफ डे: धोरण लिहिताना या चुका टाळा

पगाराच्या स्लिपा वाटल्या की दुसऱ्या दिवशी एचआरच्या टेबलासमोर उभे राहणारे बहुतेक जण रक्कम विचारत नाहीत, "माझा हाफ डे का लागला?" एवढंच विचारतात. आणि उत्तर देणाऱ्यालाही ते सॉफ्टवेअर उघडून शोधावं लागतं. असं होत असेल तर दोष बहुधा धोरणाच्या कागदात असतो. ग्रेस, लेटमार्क, हाफ डे आणि पगारकपात या चार वेगळ्या गोष्टी एकाच परिच्छेदात कोंबलेल्या असतात आणि कुठली आधी लागते हे कोणी लिहिलेलंच नसतं.

समजायला सोपं जावं म्हणून पुण्याजवळच्या एमआयडीसीतला साधारण कारखाना धरू. जनरल शिफ्ट ९:०० ते ५:३०, जेवणाची सुट्टी १:०० ते १:३०, म्हणजे कामाचे ८ तास. ग्रेस १० मिनिटं. महिन्यात तीन लेटमार्क झाले की अर्धा दिवस कापायचा.

तीन लेटमार्क = अर्ध्या दिवसाचा पगार

सगळ्यात जास्त चालणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वरच्या कारखान्यातल्या एका ऑपरेटरचा पगार २६,००० रुपये आणि महिना २६ दिवसांचा धरला, तर रोज १,००० रुपये होतात. तो महिन्यात तीनदा उशिरा आला: १२ मिनिटं, १८ मिनिटं आणि २२ मिनिटं. एकूण ५२ मिनिटं. या वेळेचा पगार होतो १०८ रुपये ३३ पैसे. नियमाने कापले जातात ५०० रुपये. म्हणजे जवळजवळ ३९२ रुपये त्याने केलेल्या कामाचे कापले गेले.

वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम ९ मध्ये हे साफ होतं: गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही कलम २० मध्ये हेच तत्त्व आहे. उशिराबद्दल दंड करायचा म्हटलं तर तो वेगळा रस्ता. त्याला मान्यताप्राप्त कारणांची सूचना लावावी लागते, कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते आणि महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांची मर्यादा पाळावी लागते. "पॉलिसीवर सही केली होती ना" हे उत्तर इथे पुरत नाही.

पगारातून कापायचंच असेल तर मिनिटांच्या हिशोबाने कापा. A2 मध्ये महिन्याचा पगार आणि B2 मध्ये उशिराची एकूण मिनिटं घेतली तर सूत्र एवढंच:

```
=ROUND(A2/26/480*B2, 2)
```

२६ च्या जागी तुम्ही पूर्ण दिवसाची कपात करताना जो आकडा वापरता तोच हवा. एकाच पगारात बिनपगारी दिवस ३० ने आणि उशीर २६ ने काढला की वादाला आमंत्रण.

मग सरकारी कचेऱ्यांत अर्धा दिवस कसा कापतात, असा प्रश्न येतोच. केंद्र सरकारच्या नियमात उशिराच्या दिवसाला अर्धी नैमित्तिक रजा वजा होते. त्यातही महिन्यात दोनदा, एका तासापर्यंतचा उशीर योग्य कारण असेल तर माफ करता येतो. पण तिथे कापली जाते ती रजा, आणि ती नैमित्तिक रजा हीच मुळात सवलत आहे. आपल्याकडे २० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकान-ऑफिसांना २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम लागू होतो आणि त्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा कायद्यानेच दिलेल्या आहेत. त्यामुळे सरकारी नियम जसाच्या तसा उचलून त्या ८ रजांमधून शिक्षा म्हणून परस्पर अर्ध्या-अर्ध्या रजा उडवणं माझ्या मते धोक्याचं. कर्मचाऱ्याने स्वतः रजेचा अर्ज टाकला तर गोष्ट वेगळी.

ग्रेस म्हणजे शिफ्ट १० मिनिटं पुढे ढकलणं नव्हे

हे कागदावर सगळ्यांना मान्य असतं, प्रत्यक्षात मात्र लाइन ९:१० ला सुरू होते. तुमच्याकडे तसं झालंय का हे पाहायला महिन्याचे सगळे इन-पंच मिनिटांप्रमाणे लावा. ८:५० ते ९:०० मध्ये गर्दी असेल तर ठीक. बहुतेक पंच ९:०६ ते ९:१० मध्ये अडकलेले दिसले तर लोकांनी शिफ्टची वेळ तुमच्या नकळत बदलली आहे. उपाय ग्रेस रद्द करण्याचा नाही, कारण मग ९:०२ ला येणाऱ्यावरही लेटमार्क बसतो आणि सुपरवायझर रोज माफीच्या विनंत्या मंजूर करत बसतो. ग्रेस महिन्यात किती वेळा वापरता येईल ते ठरवा. चार-पाच वेळा बहुतेक ठिकाणी पुरतं.

दुसरी गोष्ट आधीच लिहून ठेवा. ९:११ ला आलेला माणूस ११ मिनिटं उशिरा की १ मिनिट? सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पर्याय असतात आणि बसवणारा माणूस जाताना कुठला टिक करून गेला हे कोणालाच माहीत नसतं. माझं मत: ग्रेस ओलांडली की मोजणी ९:०० पासून. वरच्या उदाहरणातली ५२ मिनिटंही तशीच मोजली आहेत.

हाफ डेचे दोन नियम एकमेकांवर आदळतात

एक ओळ म्हणते, "१०:३० नंतर आल्यास हाफ डे." पुढच्या पानावर दुसरी ओळ म्हणते, "७ तासांपेक्षा कमी काम झाल्यास हाफ डे, ४ पेक्षा कमी झाल्यास गैरहजर." आता एक बाई १०:४० ला आल्या, जेवायला अर्धा तास घेतला आणि ७:१० पर्यंत थांबून ८ तास भरून गेल्या. पहिल्या ओळीने हाफ डे, दुसऱ्या ओळीने पूर्ण दिवस. सॉफ्टवेअर जो नियम आधी तपासतं तो जिंकतो. कोणता नियम वरचढ ते धोरणातच लिहा. जिथे एकावाचून दुसऱ्याचं काम अडतं, तिथे येण्याच्या वेळेचा नियम. डिझाइन, अकाउंट्स अशा टेबलवरच्या कामाला तासांचा. आणि हा हाफ डे हजेरीच्या नोंदीपुरता ठेवा. १०:४० पासून काम केलेल्या माणसाचा चार तासांचा पगार कापणं म्हणजे वरचीच चूक पुन्हा.

यातच दोन छोटे दोष लपलेले असतात. पहिला, दुहेरी मार. हाफ डे लागलेल्या दिवसाचा लेटमार्कसुद्धा मोजला जातो, तो महिन्यातला तिसरा ठरतो आणि आणखी अर्धा दिवस उडतो. हाफ डे लागला की त्या दिवशीचा लेटमार्क आपोआप पुसला जायला हवा. दुसरा, सकाळची अर्धी रजा मंजूर असलेला माणूस १:२० ला, म्हणजे वेळेच्या आधी येतो आणि तरी त्याच्या नावापुढे "उशीर २६० मिनिटं" दिसतं. कारण रजा मंजूर झाली पण त्या दिवसाची सुरुवात ९:०० चीच राहिली. अर्धी रजा मंजूर होताच सुरुवात १:३० ला सरकते का आणि ग्रेस १:४० पर्यंत मिळते का, हे एका चाचणी नोंदीवर तपासून घ्या.

माणसाला विचारण्याआधी मशिन तपासा

एखाद्या दिवशी अचानक लेटमार्क वाढले तर यादी मशिनप्रमाणे लावून बघा. सगळे एकाच गेटच्या थंब मशिनवरचे असतील तर त्या मशिनचं घड्याळ पुढे गेलेलं असण्याची शक्यता मोठी. वीज गेल्यावर किंवा नेटवर्क तुटल्यावर हे होतं. सगळे एकाच बसमार्गावरचे असतील तर बस उशिरा आली आहे. बस कंपनीची असेल तर सगळ्यांकडून अर्ज मागवू नका. ट्रान्सपोर्टच्या नोंदीवरून त्या मार्गाला एकदम सूट द्या.

रात्रपाळीचं दुखणं वेगळं. रात्री ११:०० ला इन, सकाळी ७:०० ला आऊट. दिवसाची हद्द मध्यरात्री १२ ला ठेवली असेल तर सकाळचा आऊट पंच दुसऱ्या दिवसाचा इन समजला जातो आणि माणूस एका दिवशी "मिसिंग पंच", दुसऱ्या दिवशी भलत्याच वेळेला हजर दिसतो. हे महिनाभर हाताने दुरुस्त करत बसणारे टाइमकीपर पाहिले आहेत. रात्रपाळीसाठी दिवसाची हद्द दुपारी १२ ला सरकवली की बहुतेक नोंदी जागेवर बसतात.

प्रत्येक विनंतीला एकच "रेग्युलराइज" बटण

"पंच राहिला, पण मी हजर होतो", "कंपनीच्या कामाने बाहेर होतो" आणि "उशीर झाला, पण कारण खरं होतं" या तीन विनंत्यांना तीन वेगळे पुरावे लागतात. पहिलीत कँटीनचा पंच, गेट रजिस्टर किंवा संगणकाची लॉगिन वेळ बघता येते. दुसरीत ज्याने पाठवलं त्याची आधीची नोंद हवी, नंतरची नव्हे. तिसरीत कारण बघायचं असतं, आणि इथेच लोक टोकाला जातात. मूल रात्री आजारी पडलं म्हणून ४० मिनिटं उशीर झाला तर डॉक्टरच्या चिठ्ठीचा आग्रह धरू नका. तेच कारण महिन्यात चौथ्यांदा आलं तर सुपरवायझरने बसून बोलावं.

काही गोष्टी अपवादात मोडतच नाहीत. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा स्तनपानासाठी मिळणारी सुट्टी हा पूर्वी मातृत्व लाभ कायद्यातला आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतला हक्क आहे. तिथे मंजुरीचं बटण ठेवणंच चूक.

मंजुरी कशीही झाली तरी मूळ पंच बदलू नका. ९:२२ चा पंच ९:०० करून टाकला की खरं काय घडलं हे सहा महिन्यांनी कोणीच सांगू शकत नाही. पंच तसाच राहू द्या, बाजूला कारण, मंजूर करणाऱ्याचं नाव आणि तारीख येऊ द्या. स्वतःची विनंती स्वतः मंजूर करण्याची सोय मॅनेजरच्या लॉगिनमधून काढून टाका. ती बऱ्याच ठिकाणी उघडी असते.

मुदतीचं काय? कर्मचाऱ्याला दोन कामाचे दिवस, मंजूर करणाऱ्याला दोन. पेरोल २५ तारखेला बंद होत असेल आणि विनंती मॅनेजरकडेच पडून असेल, तर त्या महिन्यात कपात करू नका. उशीर मॅनेजरचा आणि पैसे कामगाराचे, असं होतं ते. मॅनेजर खरोखर वाचतो का हे मंजुरीच्या वेळा बघून कळतं. २५ तारखेला संध्याकाळी एकाच मिनिटात तीस विनंत्या मंजूर झाल्या असतील तर त्या कोणी वाचलेल्या नाहीत.

नेहमी उशिरा येणाऱ्यासाठी सगळ्यांवर नियम

दोन-तीन माणसांमुळे अख्ख्या विभागाची ग्रेस बंद करणं सोपं वाटतं, पण त्या दोघा-तिघांना त्याने काही फरक पडत नाही. आदर्श स्थायी आदेशांत वारंवार उशिरा येणं हे गैरवर्तनाच्या यादीतच आहे, तेव्हा त्या रस्त्याने जा. तारीख, वेळ आणि मिनिटांसह लेखी ताकीद द्या, लेखी उत्तर घ्या, सुधारणा नसेल तर आरोपपत्र. त्या यादीत मंजूर झालेला एकही उशीर घालू नका. चौकशीत बचाव करणारा पहिला हात तिथेच घालतो, आणि मूळ पंच आणि मंजुरीची नोंद वेगवेगळी ठेवली नसेल तर तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.