सुट्टीच्या अभ्यासाचं सूचनापत्र: ‘पालकांनी सहकार्य करावे’ लिहिण्याआधी या चुका टाळा

तिसरीच्या वर्गाला मी एका उन्हाळ्यात हवामानाची नोंदवही दिली होती. रोजचं तापमान लिहायचं, ऊन की ढग ते लिहायचं आणि दिवसाबद्दल एक ओळ. जूनमध्ये वह्या तपासायला घेतल्या, तर निम्म्याहून जास्त वह्यांत चाळीसही दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत उतरवलेल्या. तापमान अगदी बिनचूक, ३९.४ वगैरे. तिसरीच्या पोराला दशांश चिन्ह अजून शिकवलेलं नसतं. एका वहीत मात्र फक्त अकरा नोंदी होत्या, त्याही वाकड्यातिकड्या. एका दिवशी लिहिलं होतं, ‘आज पत्रा इतका तापला की मांजर उडी मारून पळाली.’ त्या ढिगातली खरी वही ती एकच.

मी आधी पालकांवर चिडले. मग माझंच सूचनापत्र काढून वाचलं. सहा कामांची यादी आणि खाली एक ओळ: ‘पालकांनी सहकार्य करावे.’ सहकार्य म्हणजे काय करायचं, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. शाळा उघडायच्या आदल्या रात्री रिकामी वही दिसल्यावर आईने तिला कळलं ते सहकार्य केलं.

तेव्हापासून सूचनापत्र लिहिताना आणि सहकाऱ्यांची वाचताना मी ज्या चुका शोधते, त्या इथे मांडते. प्राथमिकचे वर्ग, त्यातही तिसरी-चौथी डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

हेतू लिहिला, पण घरच्यांना उपयोगाचा नाही

‘मुलांच्या सर्जनशीलतेला वाव मिळावा, स्वयंअध्ययनाची सवय लागावी’ हे वाक्य बहुतेक सूचनापत्रांत असतं. त्यात चूक काही नाही, पण ते वाचून आईला कुठलाच निर्णय घेता येत नाही. समजा काम आहे, ‘बाजारातील दहा वस्तूंचे भाव लिहून आणा.’ पोर मे महिनाभर आजोळी, गावात आठवडी बाजार मंगळवारी, आणि त्या मंगळवारी मामाचं लग्न. आता काय करायचं? हेतू माहीत नसेल तर घरचे मोबाईलवर भाव शोधतात आणि पोराला सांगतात, उतरव.

त्याऐवजी मी असं लिहिते: ‘हे भाव जूनमध्ये वर्गात बेरीज-वजाबाकीसाठी वापरणार आहोत. मुलाने स्वतः विचारलेले असले की झालं. किराणा दुकान, भाजीवाली, बसचं तिकीट, काहीही चालेल. दहाऐवजी सहा मिळाले तरी चालतील.’ आता मामाच्या लग्नातही मंडपवाल्याला खुर्चीचं भाडं विचारता येतं. त्या मुलाने खरंच ते विचारून आणलं होतं आणि वर्गात आठवडाभर खुर्च्यांचे हिशेब चालले.

हेतू बरोबर लिहिला गेला की नाही हे ओळखायची माझी सोपी रीत आहे. ‘हे काम जूनमध्ये वर्गात कशाला लागणार?’ या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर ते काम मी यादीतून काढून टाकते. हवामानाची नोंदवही अशीच गेली. जूनमध्ये मी तिचं काहीच करणार नव्हते. फक्त सही करून कपाटात ठेवणार होते.

मदतीची हद्द आखलीच नाही

ही सर्वात महागात पडणारी चूक. ‘मुलांना मदत करा, पण त्यांचं काम तुम्ही करू नका’ एवढं लिहून भागत नाही, कारण प्रत्येक आईला वाटतं की आपण मदतच करतोय. गणितात तर मदत नेमकी नको त्या ठिकाणी होते.

एक उदाहरण घ्या. ५०३ मधून २६८ वजा करायचे. उत्तर २३५. मुलाने ३६५ लिहिलं, तर मला लगेच कळतं की तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय; वर कोणता आणि खाली कोणता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला हातचा घेणं मुळापासून, काड्यांचे गठ्ठे सोडवून शिकवावं लागेल. दुसऱ्या मुलीने ३४५ लिहिलं. तिला हातचा घेता येतो, पण ज्या घरातून घेतला तिथला अंक एकने कमी करायचा राहतो. तिचं काम दोन दिवसांचं आहे. आता दोघांच्याही घरी कुणीतरी प्रेमाने खोडरबर फिरवून २३५ करून दिलं, तर माझ्यासमोर दोन सारख्या बरोबर वह्या येतात आणि दोन्ही मुलं चौथीच्या गणितात जाऊन अडकतात.

म्हणून सूचनापत्रात मी हे उदाहरण, दोन्ही चुकीच्या उत्तरांसह, छापूनच देते. ‘गणिताचं उत्तर चुकलं तर खोडू नका, बरोबरही करू नका. तुम्हाला राहवलं नाही तर शेजारी पेन्सिलीने छोटा गोल करा.’ ‘पालकांनी उत्तरे तपासू नयेत’ एवढंच लिहिलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, उलट शाळा हात झटकतेय असं वाटलं असतं. ३६५ आणि ३४५ समोर दिसले की गुणांच्या मागे असलेले वडीलही थांबतात.

वाचनात उलट आहे; तिथे मदत हवी, पण मोजून. मूल अडखळलं की घरचे एक तर ताबडतोब शब्द सांगून टाकतात, नाहीतर ‘जोडून वाच, जोडून वाच’ म्हणत रडवतात. मी लिहिते: ‘अडलं तर मनात पाच अंक मोजा. तरीही नाही आलं तर शब्द सांगा आणि पुढे जाऊ द्या.’ स्वतःला वाचता येत नाही म्हणून संकोचणाऱ्या आजीसाठी एक ओळ मुद्दाम घालते: ‘ऐकणाऱ्याला वाचता आलंच पाहिजे असं नाही. गोष्ट पुढे काय झाली एवढं विचारा.’

आणि प्रकल्प? तिसरीच्या मुलाला थर्माकोलचा किल्ला सांगितला की तो वडील करणार किंवा शाळेजवळच्या स्टेशनरीवाल्याकडून तयार येणार. हे काम न देणं एवढाच त्यावर उपाय.

वेळेचा हिशेब केलाच नाही

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं म्हटलं आहे. ते एरवीच्या गृहपाठाबद्दल आहे, पण सुट्टीसाठी माप म्हणून मी तेच धरते. माझ्या जुन्या यादीत ‘शुद्धलेखन ४० पाने’ होतं. तिसरीचं मूल नीट अक्षरात एक पान लिहायला सहज वीस मिनिटं घेतं. म्हणजे ४० पानांचे तेरा तास झाले. आठवड्याला दोन तासांप्रमाणे सहा आठवड्यांचे बारा. एकट्या शुद्धलेखनाने सगळी सुट्टी खाल्ली आणि पाढे, प्रकल्प, नोंदवही अजून बाकीच. इतकं काम पालकांनी वाटून घेतलं नाही तरच नवल.

वेळ चुकलाय हे वहीतही दिसतं. पहिली पाच पानं सुरेख, मग अक्षर मोठं होत जातं, ओळी विरळ होतात आणि विसाव्या पानानंतर अक्षरच बदलतं.

सह्यांचा तक्ता

‘रोज वाचन घेतल्याची पालकांची सही’ असा चाळीस चौकटींचा तक्ता मी बंद केला. सगळ्या सह्या एका शाईत असतात, हे आपल्यालाही माहीत आणि त्यांनाही. त्याऐवजी मूल स्वतः लिहितं की आज कुणाला वाचून दाखवलं. ‘आजी’, ‘दादा’, ‘दादा झोपला’, ‘म्हशीला’. म्हशीला वाचून दाखवलेलं मी मोजते.

सुधारलेलं सूचनापत्र

हे सगळं लक्षात घेऊन, तिसरीतून चौथीत जाणाऱ्या वर्गासाठी मी दिलेला मजकूर असा होता. एका पानात बसतो.

> सस्नेह नमस्कार,
>
> सुट्टीत मुलांचं मोठ्याने वाचन आणि हातच्याची वजाबाकी मागे पडते, म्हणून यंदा तेवढाच अभ्यास दिला आहे. आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त वेळ देऊ नये. पहिला आणि शेवटचा आठवडा पूर्ण सुट्टी.
>
> १. वाचन: आठवड्यातून पाच दिवस, दहा मिनिटं, कुणालातरी मोठ्याने. पुस्तक, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, काहीही. कुणाला वाचून दाखवलं ते मुलाने लिहावं. तुमचं काम: ऐकणं. अडलं तर पाच अंक मोजून शब्द सांगणं.
>
> २. वजाबाकी: आठवड्यातून दोनदा, सोबतच्या पानावरची पाच-पाच उदाहरणं. तुमचं काम: जागा आणि पेन्सिल देणं. उत्तर खोडू नका. चूक पाहूनच आम्हाला पुढे काय शिकवायचं ते कळतं.
>
> ३. भाव: आठवड्यातून एकदा दोन-तीन वस्तूंचे भाव मुलाने स्वतः विचारून लिहावेत. जूनमध्ये यांवर गणितं करू. तुमचं काम: सोबत जाणं. प्रश्न मुलाने विचारावा.
>
> काही राहिलं तर राहू द्या. शेवटच्या रात्री पूर्ण करू नका. जेवढं झालं तेवढंच पाठवा. अपुऱ्या वहीसाठी शिक्षा नाही आणि गुणही नाहीत.

वेळ मोजून पाहा: वाचन पन्नास मिनिटं, वजाबाकी साधारण अर्धा तास, भाव अर्धा तास. दोन तासांच्या आत.

पाठवताना होणाऱ्या चुका

सूचनापत्र निकालाच्या दिवशी हातात द्यावं आणि तोंडी पाच मिनिटं बोलावं. नुसती पीडीएफ गटावर टाकली की ‘धन्यवाद मॅडम’च्या चाळीस संदेशांखाली ती गाडली जाते. वजाबाकीचं पान झेरॉक्स करून शाळेनेच द्यावं. गावाकडे प्रिंटर शोधत कुणी फिरणार नाही. मी जोडीला दोन मिनिटांचा आवाजी संदेशही पाठवते, कारण दुपारी मूल ज्यांच्याकडे असतं त्या आजी-आजोबांपर्यंत कागद पोचत नाही.

एक अडचण अजून सुटलेली नाही. ‘गुण नाहीत’ म्हटल्यावर दरवर्षी पाच-सहा मुलं काहीच करून आणत नाहीत. त्यांना मी पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं शेजारी बसवून वाचायला लावते आणि तीच पाच उदाहरणं समोर सोडवून घेते. बाकीच्यांच्या वह्याही त्याच आठवड्यात, मुलांसमोर उघडते आणि मंडपातल्या खुर्च्यांसारखे भाव फळ्यावर लिहिते. पुढच्या वर्षीचं सूचनापत्र घरी कितपत पाळलं जाईल, ते बरंचसं त्या फळ्यावर ठरतं. धाकटं भावंड त्याच शाळेत असतं आणि आईला सगळं आठवत असतं.